मॅटवर अनवाणी, उड्यांना बूट

प्रश्न: मी 43 वर्षांची आहे. सकाळी घरीच व्यायाम करते. आधी 20 मिनिटं आसनं, मग थोडं पिलाटेस, शेवटी स्क्वॉट, लंज आणि पाचेक मिनिटं दोरीच्या उड्या. जमीन टाइल्सची आहे. महिन्यापूर्वी जुने जाड सोलचे रनिंग शूज बाजूला ठेवून पातळ, अगदी मऊ, गुंडाळता येणारे ‘मिनिमल’ बूट घेतले आणि सगळं त्यातच करू लागले. आता अधोमुख श्वानासनात पाय घसरतो, करंगळीला फोड येतो, पोटऱ्या भरून येतात आणि उड्यांनंतर उजवा चवडा दुखतो. मुलगी म्हणते सगळं अनवाणी कर, ऑनलाइन क्लासचे सर म्हणतात बूट सोडू नका. माझ्याबरोबर 68 वर्षांच्या सासूबाईही खुर्चीवरचे व्यायाम अनवाणी करतात. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. नेमकं कुणाचं ऐकू?

उत्तर: मुलीचंही बरोबर आहे आणि सरांचंही, फक्त दोघं तुमच्या व्यायामाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतायत. तुमच्या तासाभरात पायाला तीन निरनिराळी कामं करावी लागतात. आसनांत आणि पिलाटेसमध्ये पायाला जमीन पकडायची आणि ओळखायची असते, स्क्वॉट-लंजमध्ये वजन पेलायचं असतं आणि उड्यांमध्ये आदळणं सोसायचं असतं. या तिन्हींना एकच पादत्राण पुरेल ही अपेक्षाच चुकीची आहे. मात्र दुखरा चवडा आधी, बाकीचं नंतर, कारण त्यात थोडी घाई आहे.

आज उड्या बंद करा. मग खुर्चीत बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि अंगठ्याच्या टोकाने पावलाच्या वरच्या बाजूने, बोटांच्या मुळांपासून घोट्याकडे जाणारी लांब हाडं एकेक करून दाबत जा. एकूण पाच हाडं आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडावर जास्त वेळ द्या. बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी ‘इथेच’ असं टोचून दुखत असेल, तिथे किंचित सूज असेल, किंवा त्या पायावर एकदाच हलकी उडी मारताना तीच जागा बोलत असेल, तर हाडावर ताण आल्याची शंका घ्यायला हवी आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायला हवं. अशा दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. म्हणून ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ एवढ्यावर दोरी पुन्हा हातात घेऊ नका. दुखणं चालूच राहिलं तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

वरून दाबल्यावर काहीच सापडत नसेल आणि दुखणं चवड्याच्या खालच्या बाजूला, पसरट, ठणकल्यासारखं असेल, तर बहुधा हाड ठीक आहे आणि चवड्यावर एकदम जास्त भार पडलाय. पूर्ण विश्रांती नको, उड्या थांबवल्या की साधारण दोन आठवड्यांत ते शांत व्हायला लागतं.

तिसरी शक्यता अंगठ्याच्या सांध्याची. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवून बसा आणि हाताने एकेक अंगठा वर उचलून पाहा. उजवा अंगठा डाव्यापेक्षा स्पष्टपणे कमी उठत असेल, सांध्याच्या वरच्या बाजूला टेंगूळ जाणवत असेल आणि प्लँकमध्ये किंवा लंजमध्ये मागचा पाय बोटांवर आला की तिथेच दुखत असेल, तर हा सांधा कडक होत चाललाय. या चाचणीचा निकाल बूट घेताना फार कामाला येतो, पण दुकानात तो कुणी विचारत नाही. ‘जितका लवचीक तितका चांगला’ हे कडक अंगठ्याच्या माणसाला लागूच पडत नाही. लवचीक सोल प्रत्येक पावलाला तो सांधा त्याच्या मर्यादेपलीकडे वाकवतो. अशा पायाला पुढून कमी वाकणारा, टोकाशी थोडा वर वळलेला सोल आराम देतो. प्लँक करायचाच तर गुडघे टेकवून करा, म्हणजे बोटांवर भार येत नाही.

आता हे दुखणं आलं कुठून ते पाहू. तुमच्या जुन्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा उंच असणार, बहुतेक अशा बुटांत हा फरक 8 ते 12 मिलिमीटर असतो. नव्या बुटांत तो शून्य किंवा त्याच्या आसपास असेल. दोरीच्या उडीत आपण चवड्यावर उतरतो आणि टाच जमिनीकडे खाली येते. तिला आता प्रत्येक उडीत सेंटीमीटरभर जास्त खाली जावं लागतं, म्हणजे पोटरी आणि तिला टाचेशी जोडणारी जाड शीर दर खेपेला तेवढी जास्त ताणली जाते. मिनिटाला 100 उड्या धरल्या तरी पाच मिनिटांत 500 वेळा. त्यात जुना जाड सोल चवड्याखालचा दाब पसरवून टाकायचा. पातळ रबर ते काम करत नाही आणि टाइल्सखालचं काँक्रीट तर मुळीच दबत नाही. पोटऱ्या भरून येणं आणि चवडा दुखणं ही म्हणूनच एकाच कारणाची दोन टोकं आहेत. बूट वाईट निघाले असं नाही. महिनाभरापूर्वी एका रात्रीत सगळा बदल केलात, हे नडलं.

आणि ही सावधगिरी फक्त नवशिक्यांसाठी नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 36 सरावलेले धावक घेतले होते. त्यातल्या 19 जणांनी 10 आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांत धावायला सुरुवात केली. शेवटी एमआरआय केला तेव्हा 10 जणांच्या पायाच्या हाडांमध्ये सूज वाढलेली दिसली. हळूहळू करूनही. पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, असे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीने अमेरिकेत ग्राहकांचा एक दावा 37.5 लाख डॉलरवर मिटवला. बुटांनी पाय बळकट होतात आणि दुखापती कमी होतात, अशी जाहिरात पुरेशा आधाराशिवाय केली, असा त्या दाव्यातला आक्षेप होता.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण त्या जाहिरातीतला बळकटीचा भाग पुढे काही अंशी खरा ठरला. लिव्हरपूल विद्यापीठाच्या 2021 मधल्या अभ्यासात लोकांनी सहा महिने रोजच्या वावरात पातळ, लवचीक बूट घातले आणि त्यांच्या पायाच्या बोटांची ताकद सरासरी 57 टक्क्यांनी वाढली. दोन अभ्यासांतला फरक लक्षात घ्या. एकात माणसं धावत होती, दुसऱ्यात नेहमीच्या कामांत चालत-उभी राहत होती. तुमचे नवे बूट दुसऱ्या प्रकारच्या कामाला चांगले आहेत. त्यांच्याकडून तुम्ही पहिल्या प्रकारचं काम करून घेत होतात.

आसनांसाठी बूट काढाच. इथे मी मुलीच्या बाजूने आहे. अधोमुख श्वानासनात तुमचं काय होतं ते पाहा. बुटाचा सोल मॅटला चिकटून बसतो, पण पाऊल बुटाच्या आत पुढे सरकतं, बोटं टोकाला जाऊन दाबली जातात आणि तुम्हाला वाटतं बूट घसरला. सोल कितीही खरखरीत घेतलात तरी हे थांबणार नाही. अनवाणी पायाची त्वचा थेट मॅटवर येते आणि बोटं पसरतात. वृक्षासनासारख्या एका पायावरच्या आसनात उभ्या पायाकडे एकदा नीट बघा. घोट्याभोवतीचे स्नायुबंध सतत आत-बाहेर हलताना दिसतील, अंगठा खाली रेटताना आणि सैल होताना दिसेल. तळव्याच्या त्वचेला दाब कुठे वाढला, कुठे कमी झाला हे कळतं म्हणून या दुरुस्त्या वेळेवर होतात. मध्ये सोल आला की तो निरोप अंधूक होतो. शिवाय त्याच आसनात दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवायचा असतो आणि वज्रासनात पावलाची वरची बाजू जमिनीला लागायची असते. दोन्ही ठिकाणी बूट फक्त अडचण करतो.

अनवाणी करूनही पाय घसरत असेल तर आधी पायाला लावलेलं क्रीम आणि मॅटवरचा मेणचट थर यांच्यावर संशय घ्या. नव्या मॅट बऱ्याचदा सुरुवातीला गुळगुळीत असतात. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून घ्या. पाय धुऊन कोरडे करा. तळव्यांना घाम फार येत असेल तर तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे चालतात. साधे मोजे मात्र नको, फरशीवर ते बुटांपेक्षा आणि अनवाणी पायांपेक्षाही जास्त धोक्याचे.

पिलाटेसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मॅटवरचं पिलाटेस बहुतांश आडवं पडून असतं, पायावर भार नसतोच, त्यामुळे अनवाणी किंवा ठिपक्यांचे मोजे, जे आवडेल ते. स्टुडिओत रिफॉर्मर मशीनवर गेलात तर तिथे बहुधा मोजे सक्तीचे असतात, ते स्वच्छतेसाठी आणि पाय बारवरून निसटू नये म्हणून. एक गोष्ट मात्र खटकण्याजोगी आहे. पिलाटेससाठी म्हणून 10 ते 15 मिलिमीटर जाड, फोमची मॅट विकली जाते. पाठीचे मणके घोळवताना ती छान, पण तिच्यावर एका पायावर उभं राहिलात तर घोटा डगमगतो आणि दोष बिचाऱ्या पायाला जातो. उभ्या आसनांना 4 ते 6 मिलिमीटरची मॅट किंवा सरळ कोरडी फरशी घ्या.

स्क्वॉट आणि लंज अनवाणी करा किंवा नव्या बुटांत करा, दोन्ही चालेल. जुन्या जाड शूजपेक्षा दोन्ही बरे, कारण मऊ गादीवर उभं राहून वजन उचललं की पाऊल आत किंवा बाहेर कलंडतं. अनवाणी स्क्वॉटमध्ये टाच उचलली जात असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही असा अर्थ. तोवर थोडं कमी खाली बसा, किंवा टाचांखाली एखादी पातळ, घट्ट फळी घ्या. डंबेल वापरत असाल तर बूट बरे, पण भ्रम नको. पातळ कापडाचा बूट पायावर पडलेल्या डंबेलपासून वाचवत नाही. तो घाम आणि धुळीमुळे होणारं घसरणं तेवढं टाळतो.

आता करंगळीचा फोड. यावरून मला वाटतं, तुमच्या बुटांना ‘मिनिमल’ म्हणणं थोडं उदार आहे. 2015 मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी अशा बुटांची एक व्याख्या ठरवली. तीत लवचीकपणा, कमी वजन, पातळ सोल, टाच-चवड्यातला कमी फरक आणि पावलाला धरून ठेवणाऱ्या आधारांचा अभाव, अशा पाच गोष्टी मोजतात. त्या मागचा हेतू एकच, पायाच्या नैसर्गिक हालचालीत बुटाने कमीत कमी ढवळाढवळ करावी. बाजारात मात्र नुसता मऊ असला की बूट मिनिमल होतो, मग पुढून तो कितीही निमुळता असो. लवचीक पण अरुंद बूट पायाला वाकू देतो आणि पसरू देत नाही. भार आला की चवडा रुंद होतो आणि सगळं घर्षण करंगळीवर येतं.

हे तपासायला सोपं आहे. बुटातली आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि संध्याकाळच्या वेळी, म्हणजे पाय थोडे फुगलेले असताना, तिच्यावर पूर्ण वजन देऊन उभ्या राहा. करंगळी किंवा अंगठ्याची बाजू गादीच्या कडेबाहेर लोंबत असेल तर तो बूट तुमच्या पायाचा नाही, मग नंबर कितीही बरोबर असो. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 10 ते 12 मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे. हे सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं शेजारचं असतं. गादी निघत नसेल तर कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा, ती कापा आणि कागद बुटात सरकवून पाहा. कडा दुमडल्या की उत्तर मिळालं.

मग बूट हातात घेऊन टोक आणि टाच एकमेकांकडे दाबा. तो बोटांच्या मुळांशी वाकायला हवा. मधोमध, कमानीखाली घडी पडत असेल तर ती लवचीकता आपल्या उपयोगाची नाही. नंतर घालून दोनचार साइड लंज करा. विणलेल्या कापडाच्या, मोज्यासारख्या बुटांत पाऊल सोलवरून बाजूला सरकून कडेवर येतं. असं झालं तर वर नाडी किंवा पट्टा असलेला बूट पाहा. शेवटची तपासणी फरशीवर: पाय किंचित पुढे रेटून बघा, सोल धरतो की निसटतो. फोमचा सोल टाइल्सवर चटकन सरकतो, रबर बरं धरतं. बाकी रंग, ‘सेन्सरी’ नक्षी, कमानीला मसाज वगैरे जे सांगतात ते सोडून द्या.

चवडा शांत झाला की उड्यांकडे कसं परतायचं ते सांगते. दुखणं सर्वसाधारण असेल, हाडाचं नसेल, एवढं गृहीत धरून. पहिले दोन आठवडे उड्या नाहीत. त्याऐवजी दिवसाआड अनवाणी, भिंतीला बोटं टेकवून टाचा वर उचलायच्या, आधी दोन्ही पायांवर. तीन मोजत वर, दोन मोजत थांबायचं, तीन मोजत खाली. बारा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या. हे सोपं वाटलं की एका पायावर. नवे बूट, अर्थात रुंदीच्या परीक्षेत पास झाले तर, रोज अर्धा तास घरातल्या वावरात घाला आणि हळूहळू वेळ वाढवा.

तिसऱ्या आठवड्यात दोरी हातात घ्या, पण जुने जाड शूज घालून. एकदम पाच मिनिटं नको, 50 उड्या, थोडी विश्रांती, पुन्हा 50, आणि तेही दिवसाआड. खाली जिमसाठी मिळते तसली 10-15 मिलिमीटरची घट्ट रबरी फरशी टाकता आली तर फार चांगलं. योगा मॅटवर उड्या मारू नका, ती दबत तर नाहीच, वर बुटाखाली सुरकुतते आणि पाय अडकतो. प्रत्येक पायावर सलग 20-25 वेळा, न डगमगता आणि न दुखता टाच उचलता यायला लागली, की मगच पातळ बुटांत उड्यांचा विचार करा. तेव्हाही पहिल्या आठवड्यात 50, पुढे दर आठवड्याला 50 वाढवत. उरलेल्या उड्या जाड बुटांत. आणि खरं सांगायचं तर पातळ बुटांत उड्या मारल्याच पाहिजेत असं काहीच नाही. जाड बुटांतच दोरी सुखाची वाटत असेल तर ती तशीच ठेवा, माझी अजिबात हरकत नाही.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. पोटरी थोडी जड वाटून दोन-चार पावलांत मोकळी झाली तर चालेल. टाचेत किंवा चवड्यात पहिल्याच पावलाला कळ आली, किंवा अवघडलेपण दुपारपर्यंत टिकलं, तर आदल्या दिवशीचं जास्त झालं. मागच्या पायरीवर या आणि आठवडाभर तिथेच राहा. सकाळी पलंगावरून उतरताच टाचेखाली टोचणं रोजचंच झालं, तर घरात फरशीवर अनवाणी फिरणं काही काळ बंद करा. पलंगाजवळ जाड चपला ठेवा. आसनं तेव्हाही मॅटवर अनवाणी चालतील.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी माझं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे. अनवाणी पायाचा फायदा तळव्याच्या संवेदनेतून येतो, आणि बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची तीच संवेदना हळूहळू कमी झालेली असू शकते, त्यांना स्वतःला न कळता. एक साधी तपासणी घरी करता येते. त्यांना डोळे मिटून बसायला सांगा. तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला अगदी हलका, सेकंद-दोन सेकंदांचा स्पर्श करा. दाबायचं नाही, थोपटायचं नाही, जाणवला की त्यांनी सांगायचं. दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श होतील. त्यातले दोन किंवा जास्त कळले नाहीत, तर संवेदना उणावल्याचं मानून डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. ते 10 ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने नीट तपासणी करतात. सगळे कळले तरी वर्षातून एकदा ही तपासणी डॉक्टरांकडे व्हायलाच हवी.

संवेदना कमी असेल तर त्यांनी घरातही अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरू नये, व्यायामही तसा करू नये. तुमचे पातळ लवचीक बूटही त्यांना नकोत, खडा किंवा टाचणी त्यातून आत येते आणि कळत नाही. त्यांना हवा तो बंद, पुढून रुंद आणि खोल, आत टोचरी शिवण नसलेला, बऱ्यापैकी जाड सोलचा बूट, आणि तो घालण्याआधी आत हात फिरवून पाहण्याची सवय. संवेदना शाबूत निघाली आणि तळव्यावर जखम, भेग, फोड काही नसेल, तर खुर्चीवर बसून मॅटवर पाय टेकवण्यापुरतं अनवाणी चालेल. खुर्चीकडे येताना-जाताना मात्र पायात काहीतरी असू द्या. व्यायाम झाल्यावर त्यांचे तळवे आणि बोटांमधल्या फटी तुम्हीच उजेडात एकदा पाहा, कारण त्या वयात स्वतःचा तळवा स्वतःला दिसेल इतकं वाकता येत नाही. लाल डाग, फोड किंवा ओलसर भेग दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, दुखत नाही म्हणून थांबू नका.